आडनाव एक, नावे चार
(प्रस्तावना)

खेड तालुक्यातल्या एखाद्या गावात सकाळी डेअरीला दूध घातले जाते, फॅट आणि एसएनएफ लागते आणि दूध बल्क कूलरमध्ये पडते. एवढ्यावर काम थांबत असेल तर नावाची गरज पडत नाही. टँकर येतो, दूध घेऊन जातो आणि नाव त्या टँकरवाल्याचे असते. पण त्याच गावातल्या दहा-वीस जणांनी ठरवले की आपले दूध आपणच पिशवीत भरून चाकण, मोशी, भोसरी, चिखलीला विकायचे, तर पिशवीवर काय छापायचे हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. महिनाभरात उरलेल्या दुधाचे दही लागते, उन्हाळा आला की ताक निघते, काढलेल्या सायीचे तूप होते. मग प्रश्न एका नावाचा राहत नाही. दुधाला एक नाव दिलेले असते, दह्याला कुणी दुसरे सुचवतो, तुपाच्या बरणीसाठी छापखान्यातला मुलगा तिसरे काढून देतो. वर्षभराने फडताळावर चार वस्तू चार घरच्या वाटाव्यात अशा शेजारी उभ्या असतात.

हे पुस्तक या चार वस्तूंना एका घरची माणसे म्हणून कशी नावे द्यावीत, यावर आहे. पुढच्या प्रकरणांत लेबल, नोंदणी, छपाई यांचा तपशील येईल. या प्रस्तावनेत मला त्यामागचा विचार मांडायचा आहे. तो असा की गावच्या डेअरीने कल्पकता एकदाच, आडनावावर खर्च करावी. वस्तूंची नावे लोकांच्या तोंडात आधीपासून आहेत तीच ठेवावीत. वेगळे टोपणनाव लागलेच तर ते फक्त दुधाला लागते आणि त्याचेही कारण दुधातच असते.

आधी आपल्या आसपासची नावे पाहू. महाराष्ट्रातल्या दुधाच्या नावांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. एक गट जागेचा आणि नदीचा : कात्रज, वारणा, कोयना. दुसरा कृष्णकथेचा आणि पुराणांचा : कोल्हापूरचे गोकुळ, फलटणचे गोविंद, मंचरचे गोवर्धन आणि सीमेपलीकडून येणारी कर्नाटकची नंदिनी. तिसरा गट माणसाच्या आडनावाचा. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भिलवडीचे चितळे. तिथली डेअरी १९३९ची आणि आज दूध म्हटले की चितळे हे नाव पुण्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या तिन्ही गटांत एक गोष्ट सारखी आहे. यातले कुठलेही नाव एका वस्तूला चिकटलेले नाही. कात्रज म्हणजे दूधही आणि श्रीखंडही. वारणा म्हणजे दूधही आणि तूपही. गोकुळ या नावात गाय आहे, तरी म्हशीच्या दुधासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात त्या नावाने म्हशीचे दूध विकले जाते आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. आडनावाने वस्तूचे वर्णन करू नये. त्याने फक्त घर सांगावे. जी नावे वर्णन करायला जातात, ती पुढच्या वस्तूपाशी अडतात. ‘सायदार’ हे दह्याला शोभते, ताकावर मात्र ते खोटे दिसते.

पण एकच नाव सगळीकडे चालवावे, हाही नियम डोळे मिटून पाळायचा नाही. तो कुठे मोडावा हे शिकण्यासाठी चाकणहून फार लांब जावे लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्याने राजगुरुनगर ओलांडले की पुढे मंचर लागते. तिथे १९९२ साली देवेंद्र शहा यांनी सुरू केलेली पराग मिल्क फूड्स ही कंपनी आहे. कंपनीचे नाव पराग असले तरी घराघरात ती पोहोचली गोवर्धन या नावाने. (उत्तर प्रदेशातल्या सहकारी दूध महासंघाच्या दुधाचे नावही परागच आहे. कंपनीचे नाव आणि पिशवीवरचे नाव वेगळे असू शकते, हे नव्या डेअरीवाल्यांच्या लवकर लक्षात येत नाही.) दूध, दही, पनीर, गाईचे तूप हे सारे गोवर्धनच्या आडनावाखाली येते. चीज निघाले तेव्हा त्याला ‘गो’ हे नाव मिळाले. गोवर्धनचेच पहिले अक्षर, पण शहरी आणि तरुण कानाला वेगळे वाटणारे. कंपनीच्या स्वतःच्या भाग्यलक्ष्मी डेअरी फार्मवरचे दूध थेट घरपोच द्यायचे ठरले तेव्हा त्याला ‘प्राइड ऑफ काउज’ हे संपूर्ण वेगळे नाव दिले गेले. चीज करताना सुटणाऱ्या निवळीतून व्यायामशाळेत जाणाऱ्यांसाठी प्रोटीनची भुकटी काढली, तिचे नाव ‘अवतार’.

या चार नावांकडे नीट पाहिले तर वेगळे नाव कधी घ्यावे याचा हिशेब दिसतो. गोवर्धनचे दही आणि गोवर्धनचे तूप एकाच दुकानात, एकाच बाईच्या पिशवीत पडतात, म्हणून आडनाव एक. घरपोच दुधाची किंमत साध्या पिशवीच्या कितीतरी वर, गिऱ्हाईक वेगळे, पोहोचवण्याची वाट वेगळी आणि दूध एकाच गोठ्यातले. ते गोवर्धन या नावाने विकले असते तर घेणाऱ्याने रास्तपणे विचारले असते की मग साध्या पिशवीत काय कमी आहे? वेगळे नाव घेतल्याने दोन्ही दुधांची पत शाबूत राहिली. प्रोटीनची भुकटी घेणारा तर दुधाच्या दुकानात येतच नाही. म्हणजे गिऱ्हाईक, किंमत आणि विकण्याची वाट या तिन्ही गोष्टी बदलल्या तरच नवे आडनाव. रोज चारशे लिटरच्या गावच्या डेअरीत या तिन्ही गोष्टी दूध, दही, ताक, तूप यांच्या बाबतीत सहसा बदलत नाहीत. तिने मंचरकडून गोवर्धनची पद्धत घ्यावी. बाकीची तीन नावे पुढे कधी तशी वेळ आली तर आठवावीत.

आता एक उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. समजा, भामा नदीकाठच्या गावातला एक गट रोज चारशे लिटर गाईचे दूध गोळा करतो आणि नावासाठी ‘भामा’ सुचते. हे नाव मोकळे आहे की कुणी घेतले आहे, याचा शोध घेणे हे वेगळे काम आहे. इथे ते केवळ उदाहरण म्हणून घेतो. नाव दोन अक्षरांचे, उच्चाराला मोकळे, नदीचे. भामा-आसखेड धरणाचे पाणी पुण्याच्या पूर्व भागात जाते, त्यामुळे शहरातल्या माणसाने ते बातम्यांत वाचलेले असते. सत्यभामेमुळे कृष्णकथेचाही त्याला स्पर्श आहे. आणि मुख्य म्हणजे ते दुधाचे, दह्याचे, तुपाचे असे कुणाचेच वर्णन करत नाही.

या आडनावाखाली चार नावे ठेवण्याआधी गटाने दुधाचा हिशेब मांडायला हवा, कारण या चार वस्तूंचे नाते नावाच्या आधी फॅटमध्ये असते. चारशे लिटरपैकी अडीचशे लिटर पिशवीत जाते आणि दुधाला चार फॅट आहे, असे धरू. हे दूध जसे आले तसे, काही न काढता, काही न घालता पाश्चराइज करून भरले तर पिशवीवर ‘गाईचे दूध’ असे लिहिता येते. अन्नसुरक्षेच्या मानकांप्रमाणे त्यासाठी किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ लागते आणि ते इथे आहे. पण मग तुपासाठी या दुधातून काहीच उरत नाही. उलट गटाने क्रीम सेपरेटर लावून फॅट ३ वर आणले, तर अडीचशे लिटरमागे साधारण अडीच किलो तूप हाती येते. मात्र आता त्या पिशवीवर ‘गाईचे दूध’ लिहिता येणार नाही. ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असलेल्या दुधाचे कायद्यातले नाव ‘टोन्ड दूध’ आहे आणि तेच समोरच्या बाजूला छापावे लागते. तुपाची बरणी विकायची की पिशवीवरचे ‘गाईचे दूध’ हे शब्द राखायचे, हा निर्णय नाव ठेवण्याच्या बैठकीत बसूनच घ्यावा लागतो. अनेक गट हा निर्णय न घेताच दोन्ही छापतात आणि पहिल्या नमुना तपासणीत अडकतात.

यातून मार्ग निघतो तो असा. अडीचशेपैकी शंभर लिटर ‘भामा गाईचे दूध’ म्हणून काही न काढता भरायचे. दीडशे लिटर ‘भामा टोन्ड दूध’. उरलेल्या दीडशे लिटरमधून दही आणि ताक. तूप येते ते टोन्ड दुधातून निघालेल्या क्रीमचे, म्हणजे दिवसाला जेमतेम दीड किलो. आठवड्याला दहा किलोच्या आसपास तूप जमते आणि ते चाकणच्या पाच-सहा दुकानांना पुरते. नावे तीच राहतात, पण कुठल्या नावामागे किती माल आहे हे समोर लिहिलेले असते. तुपाला मागणी वाढली म्हणून बाहेरचे लोणी आणून ‘भामा गाईचे तूप’ भरण्याचा मोह होतो, तेव्हा हा हिशेब अडवतो. लोणी कुठल्या दुधाचे हे गटाला माहीत नसते आणि गाईचे हा शब्द छापून झालेला असतो.

आता टोपणनावांचा प्रश्न. दही एकच, ताक एकच, तूप एकच. दूध मात्र एकाच घरात दोन-तीन प्रकारचे असते आणि सकाळच्या घाईत ते ओळखू यायला हवे. म्हणून मोठ्या घरांनीही टोपणनावे मुख्यतः दुधाला लावली. अमूलचे टोन्ड दूध ‘ताजा’, फुल क्रीम ‘गोल्ड’, स्टँडर्डाइज्ड ‘शक्ती’. तिन्हींत फरक आहे तो फॅटचा आणि टोपणनावांनी तो लक्षात राहण्याजोगा केला. गावच्या डेअरीला दोन प्रकारांसाठी तेवढीही गरज नाही. पिशवीचा रंग पुरतो. गिऱ्हाईक तसेही ‘निळी द्या’, ‘हिरवी द्या’ असेच म्हणते. रंग हे बोलले जाणारे टोपणनावच आहे, म्हणून तो नावाच्याच बैठकीत ठरवावा आणि एकदा ठरला की बदलू नये. गाईच्या दुधाचा रंग सहा महिन्यांनी टोन्डला दिला, तर लोक जुन्या सवयीने पिशवी उचलतात, घरी चहा पातळ होतो आणि डेअरी पाणी घालते अशी बोलवा होते.

दह्याला ‘मलई’, ताकाला ‘थंडावा’, तुपाला ‘सुवर्ण’ अशी नावे सुचवणारे खूप भेटतात. ती ऐकायला वाईट नाहीत. पण प्रत्येक नाव लोकांना पुन्हा शिकवावे लागते आणि शिकवायला जाहिरात लागते. ‘भामा’ हे नाव रोज सकाळी अडीचशे लिटर दुधाच्या पिशव्यांवरून घरात जाते. ‘सुवर्ण’ महिन्यातून एकदा, तेही तूप संपले तर. जे नाव महिन्यातून एकदा दिसते त्याला स्वतःच्या पायावर उभे करण्याची ताकद गावच्या डेअरीकडे नसते. त्याने दुधाच्या नावाच्या आधाराने जावे. शिवाय तुपाच्या बाबतीत भेसळीचा संशय सगळ्यांत जास्त असतो. दुकानदारापुढे अनोळखी बरणी उचलणारा माणूस रोज घरी येणाऱ्या दुधाचे नाव दिसले की थांबतो. म्हणूनच माझ्या मते नाव आधी दुधावर रुळवावे, मग दह्यावर, मग तुपावर न्यावे.

बरेच गट हे उलट करतात. तूप टिकते, प्रदर्शनात विकता येते, म्हणून पहिली बरणी तुपाची निघते आणि तिच्यासोबत तुपाला भाव मिळवून देणारे शब्द नावातच शिरतात : गीर, बिलोना, ए-टू. पुढे दूध सुरू होते तेव्हा गोठ्यात बहुतेक संकरित होल्स्टिन गाई असतात आणि ‘गीर’ हे आडनाव टोन्ड दुधाच्या पिशवीवर लावता येत नाही. ए-टूचे तर आणखी एक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ए-वन, ए-टू हे दावे पाकिटांवरून काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. आदेश टिकला असता तर ज्यांच्या ब्रँडच्या नावातच ए-टू होते, त्यांची सगळी पाकिटे बाद झाली असती. असा दावा करायचाच असेल तर तो लेबलच्या एका ओळीत ठेवावा. ओळ काढता येते, आडनाव काढता येत नाही.

विशेषणांचेही तेच. २०१८च्या जाहिरात व दावे विनियमांप्रमाणे ब्रँडच्या नावात ताजे, शुद्ध, अस्सल, पारंपरिक या अर्थाचे शब्द असतील आणि त्यामुळे घेणाऱ्याची दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर हे केवळ ब्रँडचे नाव असून वस्तूचे खरे स्वरूप दाखवत नाही अशा आशयाची ओळ किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. आपल्याच शुद्धतेखाली असे वाक्य छापण्याची वेळ येऊ नये असे वाटत असेल, तर विशेषण नावाबाहेर ठेवावे.

नाव कुठे वाचले जाणार याचाही विचार हवा आणि इथे पिंपरी-चिंचवड, चाकण हा पट्टा बाकीच्या महाराष्ट्राहून वेगळा आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली ती १९५०च्या दशकात. नंतर भोसरी, आकुर्डी आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकण, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी असा कारखान्यांचा पसारा वाढला. आज तिथे दूध घेणाऱ्यांत खेड-मावळची माणसे आहेत, मराठवाड्या-विदर्भातून आलेली आहेत आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेलीही आहेत. देवनागरी यातल्या बहुतेकांना वाचता येते, पण ‘ळ’ हिंदी वाचणाऱ्याला अडवतो. ‘दुधाळ’, ‘गोपाळ’, ‘वेताळबाबा’ अशी नावे दुकानात तीन प्रकारे बोलली जातात आणि रोमन अक्षरांत चार प्रकारे लिहिली जातात. मोशी-चिखलीच्या सोसायट्यांत बरीच मागणी मोबाइलवर टंकून येते, तिथे हा फरक महागात पडतो. शोधणाऱ्याने टंकलेले आणि आपण नोंदवलेले जुळत नाही. ‘भामा’ कुणी कसेही लिहिले तरी Bhama असेच लिहील. जोडाक्षर नसलेले, ‘ळ’ नसलेले, दोन-तीन अक्षरांचे नाव या पट्ट्यात जास्त चालते, हे इथल्या वस्तीवरून ठरते.

ताकाच्या बाबतीत अडचण आणखी बारीक आहे. मराठी माणसाला मठ्ठा म्हटले की जिलेबीसोबतचा, आले-कोथिंबीर लावलेला पेला आठवतो. हिंदी भाषकाला तोच शब्द साध्या ताकासाठीही चालतो आणि छास हा शब्द तर दोघांनाही कळतो. कारखान्याच्या कॅन्टीनला उन्हाळ्यात दिवसाला हजार पिशव्या लागतात, तेव्हा मागणीपत्रावर ‘मठ्ठा’ असे आले आणि गाडीतून साधे ताक गेले, तर परत येते. म्हणून पिशवीवर ‘भामा ताक’ आणि मसाला असलेले निघाले तर ‘भामा मसाला ताक’ एवढेच असावे. पदार्थाचे रोजचे नाव समोर ठळक असणे कायद्यानेही आवश्यक आहे. आणि लोक त्या नावाला किती जपतात हे मार्च २०२३ मध्ये दिसले. तमिळनाडू आणि कर्नाटकातल्या दह्याच्या पाकिटांवर ‘दही’ हाच मुख्य शब्द असावा असे सुचवले गेले, तेव्हा तिथे इतका विरोध झाला की प्राधिकरणाला ‘कर्ड’ या शब्दापुढे स्थानिक नाव कंसात लिहिण्याची मुभा द्यावी लागली.

नोंदणीच्या बाबतीत एक आडनाव ठेवणाऱ्याचा खर्चही वाचतो. व्यापारचिन्हांच्या वर्गवारीत दूध, दही, ताक, तूप हे चारही वर्ग २९ मध्ये येतात. ‘भामा’ या एका नावासाठी, एका वर्गात, व्यक्तीने किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी शुल्क ४,५०० रुपये. चार वेगळ्या नावांना चार अर्ज, म्हणजे १८,००० रुपये आणि पुढे दर दहा वर्षांनी चार नूतनीकरणे. कुल्फी, पेढे हे वर्ग ३० मध्ये जातात. ते करायचा विचार असेल तर तो वर्गही वेळीच घ्यावा. अर्जाआधी व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर नावाचा शोध फुकट घेता येतो. तो देवनागरीत, रोमनमध्ये आणि उच्चाराने सारख्या वाटणाऱ्या नावांसाठीही घ्यावा.

कृष्णकथेतली आणि पुराणांतली नावे फार गोड असली तरी तिथे गर्दी आहे आणि त्यांच्यावर पूर्ण मालकी कुणालाच मिळत नाही. कर्नाटकच्या दूध महासंघाने १९८५पासून चालवलेल्या ‘नंदिनी’चा दावा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. बंगळूरमधल्या एका उपाहारगृहाने ‘नंदिनी डिलक्स’ या नावासाठी, त्याच वर्ग २९ आणि ३० मध्ये नोंदणी मागितली होती. न्यायालयाने म्हटले की नंदिनी हे देवतेचे आणि पुराणातल्या गाईचे नाव आहे, एकाच वर्गात आहे म्हणून सगळ्या वस्तूंवर कुणाला मक्तेदारी देता येणार नाही. उपाहारगृहाने दूध आणि दुधाचे पदार्थ आपल्या यादीतून वगळले होते, त्यामुळे महासंघाचे दूध सुरक्षित राहिले. लहान डेअरीने यातून घ्यायचे ते हे की देवाचे नाव घेतले तर शेजारच्या हॉटेलाला तेच नाव लावण्यापासून अडवणे अवघड आहे. नदीच्या आणि गावाच्या नावालाही ते फक्त ठिकाण सांगते असा आक्षेप येऊ शकतो. तो आला तर आपण हे नाव किती दिवस वापरतो याची बिले दाखवावी लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिले, पिशव्यांचे नमुने, डेअरीच्या पाटीचे छायाचित्र जपून ठेवावे.

एक नाव मात्र या भागात आपोआप ओठावर येते आणि ते मुळीच घेऊ नये. शिवनेरी इथून जवळ आणि चाकणचा किल्ला तर दारातच, म्हणून दुधाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव द्यावे असे अनेकांना मनापासून वाटते. १९५०च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या परिशिष्टात महाराजांचे नाव आणि चित्र व्यापारी वापरासाठी निषिद्ध आहे. त्या आदराला वाट हवी असेल तर ती गटाच्या कामात मिळावी, पिशवीवर नको.

छपाईचा खर्चही आडनावाच्या बाजूने बोलतो. दुधाची फिल्म अनेक ठिकाणी ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापली जाते आणि त्यात प्रत्येक रंगासाठी एक कोरलेला सिलिंडर लागतो. चार वस्तूंची चार वेगळी चित्रे म्हणजे चारपट सिलिंडर. उलट ‘भामा’ हे नाव, त्याची अक्षरे आणि पट्टी सगळीकडे तीच ठेवली आणि वस्तूचे नाव, फॅट, मजकूर एका रंगात बसवला, तर नव्या वस्तूसाठी बहुधा एकच सिलिंडर नवा कोरावा लागतो. हे जमवायचे असेल तर पहिली पिशवी काढतानाच चौथ्या वस्तूसाठी जागा सोडावी लागते.

एका नावाची किंमतही मोजावी लागते आणि ती लपवून ठेवणे मला बरोबर वाटत नाही. एप्रिलमध्ये दुकानदाराने रात्री फ्रिज बंद ठेवला, दही आंबले, तर लोक ‘भामाचं दही आंबट’ एवढ्यावर थांबत नाहीत, ‘भामा आंबट’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्याही कमी जातात. चार नावे असती तर नुकसान एकट्या दह्याचे झाले असते, हे खरे. यावर उपाय एवढाच की दही पक्के बसल्याशिवाय त्यावर आडनाव लावू नये. विरजण एकसारखे आहे का, कप गाडीत हलूनही पाणी सुटत नाही ना, पाचव्या दिवशी चव कशी आहे, हे सगळे पाहून होईपर्यंत दही उत्पादकाच्या नावपत्त्यासह, सर्व कायदेशीर मजकुरासह, पण ब्रँडशिवाय ओळखीच्या दोन-तीन दुकानांतच द्यावे. आणि लागलेली तक्रार एकाच वहीत, वस्तूवार लिहावी. आठवड्याच्या शेवटी त्या वहीत दह्याच्या ओळी वाढल्या की दुधाची विक्री घसरण्याआधी कारण सापडते.

नाव चुकले आहे हेही असेच कळते. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत तुमच्या वस्तू कशा लिहिल्या आहेत ते एकदा पाहावे. तिथे ‘भामा दूध, भामा दही’ असे असेल तर आडनाव बसले. ‘चाकणवाले दही’, ‘हिरवे दूध’, ‘ते नवीन तूप’ असे असेल तर छापलेले नाव लोकांनी घेतलेले नाही. मग बोलले जाणारे नाव काय आहे ते पाहून त्याच्याजवळ जावे. नवे चकचकीत नाव शोधायला निघू नये.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचली नाहीत तरी चालेल. पण नावाचा शोध आणि अर्ज या प्रकरणाच्या आधी छपाईचे प्रकरण उघडू नका. सिलिंडर कोरून झाल्यावर नाव दुसऱ्याचे निघाले तर ते पुन्हा कोरावे लागतात. आणि अर्ज भरला तरी नोंदणी हातात येईपर्यंत नावापुढे वर्तुळातले ‘आर’ छापू नका, तो गुन्हा आहे. तोवर ‘टीएम’ पुरते.